फोटोवर नेसवलेली साडी आणि अंगावरची साडी

“एआयच्या मदतीने आपल्या फोटोवर साडी नेसवून बघितली की ब्लाउज कसा बसेल आणि कापड कसं पडेल ते आधीच कळतं ना?”

नाही. त्या चित्रात मापच घेतलेले नसते. आपल्या फोटोतला कपड्याचा भाग झाकून तिथे नवे चित्र रंगवले जाते आणि ते शरीराच्या आकारात बसेल असेच रंगवले जाते.

रत्नागिरीतल्या माझ्या मावसबहिणीला ३८ मापाचा ब्लाउज लागतो. तिच्या फोटोवर एकाच ब्लाउजची ३४ आणि ३८ ही दोन्ही मापे लावून पाहिली, तर दोन्ही चित्रे अगदी सारखीच आली. ३४ चा ब्लाउज छातीवर ओढला गेला नाही की काखेत कुठे काचला नाही.

साडीचे त्याहून कठीण आहे. सुमारे साडेपाच मीटर कापडापैकी विक्रेत्याच्या छायाचित्रात घडीवरचा थोडासाच भाग दिसतो, म्हणून निऱ्या आणि पदर हे एआयने पूर्वी पाहिलेल्या असंख्य साड्यांच्या चित्रांवरून अंदाजाने रचले जातात. जाड रेशीम निऱ्यांत ताठ उभे राहते, तर पातळ कृत्रिम धागा अंगाला चिकटतो, आणि आपल्या दमट किनाऱ्यावर घामाने तो जास्तच चिकटतो. पण कापडाचे वजन चित्रातून कळतच नाही.

काठ नीट पाहावा. निऱ्यांच्या घडीत बुट्टे मध्येच विरघळले किंवा काठाची रुंदी बदलली, तर तो भाग रचलेला आहे. रंगसंगती आणि गळ्याचा आकार ठरवण्यापुरते हे चित्र मला उपयोगी वाटते. मापासाठी मात्र टेपच घ्यावी आणि कापडासाठी वजन व धाग्याचा प्रकार विक्रेत्याला विचारावा.