ड्रेसिंगचा कोपरा (लहान बेडरूममधील)

लहान बेडरूममध्ये आरसा, उजेड आणि सामान यांची सोय एकाच भिंतीवर करून साधलेली आवरण्याची जागा. कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा जुन्या वस्त्यांतल्या अरुंद घरांत पलंग आणि कपाट मांडले की चालण्यापुरती वाट उरते. सुटे ड्रेसिंग टेबल ठेवले की तीही अडते.

उदाहरणादाखल 10 फूट लांब आणि 9 फूट रुंद खोली घेऊ. साडेसहा बाय पाचचा पलंग खिडकीच्या भिंतीला लावून कोपऱ्यात सरकवला की बाजूला 4 फुटांची वाट आणि पायथ्याशी साडेतीन फूट जागा राहते. कपड्यांच्या कपाटाला हँगरमुळे 2 फूट खोली लागतेच, म्हणून ते वाटेच्या टोकाला, पायथ्याच्या भिंतीवर बसवावे. पलंगासमोरच्या उरलेल्या भिंतीवर मात्र फक्त 6 इंच खोलीचे, आरशाचेच दार असलेले फडताळ पुरते. समोर उभे राहायला 3 फूट मिळतात. उथळ फडताळाचा खरा फायदा असा की डब्या एकाच रांगेत बसतात आणि मागे काही हरवत नाही. साज, ठुशी आत आकड्यांना लटकवता येतात, त्यामुळे गुंता होत नाही.

आरसा माणसाएवढा उंच लागत नाही. आपल्या उंचीच्या निम्मा आरसा नीट उंचीवर असेल तर डोक्यापासून पायापर्यंत सगळे दिसते. मागे सरकल्याने जास्त काही दिसत नाही, म्हणून अरुंद खोलीत काही बिघडत नाही. खालची कड घरातल्या सर्वांत बुटक्या व्यक्तीच्या डोळ्यांच्या निम्म्या उंचीवर धरावी, वरची कड सर्वांत उंच व्यक्तीच्या डोळे आणि माथा यांच्या मध्यावर. पाच फुटांपासून पावणेसहा फुटांपर्यंतची माणसे असतील तर जमिनीपासून सव्वादोन ते पावणेसहा फुटांमधला आरसा पुरतो. शेजारच्या कपाटाच्या 16 इंची दाराला बाहेरून दुसरा आरसा लावावा आणि बिजागरी ड्रेसिंगच्या बाजूला ठेवावी. दार काटकोनात उघडले की निऱ्या आणि पदर बाजूनेही दिसतात.

उजेडात बहुतेक घरे चुकतात. छतावरचा दिवा पाठीमागे पडतो आणि चेहरा काळवंडतो. अगदी डोक्यावर असला तर डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावली येते. आरशाच्या दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर, दुधी कव्हरच्या उभ्या एलईडी पट्ट्या लावाव्यात. उजेडाची छटा 4000 केल्विन आणि रंग किती खरे दिसतात हे सांगणारा आकडा, म्हणजे सीआरआय, 90 किंवा त्याहून जास्त असेल तर साडीचा रंग उन्हात दिसतो त्याच्या जवळपास दिसतो.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात बाहेरची भिंत ओल धरते, म्हणून फडताळ आतल्या भिंतीवर घ्यावे आणि पाठीमागे अर्धा इंच फट सोडावी. आरसा चिकटवताना साध्या सिलिकॉनऐवजी न्यूट्रल सिलिकॉन मागावे. साध्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो. त्यातले आम्ल आरशाच्या पाठीमागचा चांदीचा थर खाते आणि काचेवर काळे डाग उमटतात. कडेने पडलेले डाग बहुतेकदा ओलीचे असतात, तर मधोमध, सिलिकॉन लावले होते तिथे उमटलेले गोंदाचे.