लिंगनिरपेक्ष शब्दयोजना (कार्यालयीन ई-मेल)

कार्यालयीन ई-मेल वाचणारी किंवा त्यात उल्लेख झालेली व्यक्ती पुरुष आहे असे गृहीत न धरता, आणि तरीही वाक्य सहज वाचता येईल अशा रीतीने केलेली शब्दयोजना. संयुक्त राष्ट्रांनी आपल्या सहा अधिकृत भाषांसाठी अशा लेखनाच्या वेगवेगळ्या मार्गदर्शक सूचना केल्या आहेत, कारण लिंग प्रत्येक भाषेत वेगळ्या जागी दडलेले असते. इंग्रजीत ते मुख्यतः एकवचनी सर्वनामात असते. तिथे एका व्यक्तीसाठी अनेकवचनी सर्वनाम वापरण्याची सोय आहे, आणि अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनशैलीनेही २०१९ मध्ये तिला मान्यता दिली. मराठीत हा उपाय अपुरा पडतो. ‘ते आले’ म्हटले तरी वाचणारा पुरुषच समजतो, कारण मराठीत लिंग सर्वनामापेक्षा क्रियापदाच्या शेवटी जास्त बोलते.

मात्र सगळीच क्रियापदे बोलत नाहीत. ‘तो येतो, ती येते’ यांत फरक आहे, पण ‘येतात’ सगळ्यांना चालते. भविष्यकाळात ‘येईल, येतील, येईन’ यांना लिंग नाही. ‘आहे’ आणि ‘आहेत’ यांनाही नाही. ‘होते’ आणि ‘होत्या’ यांना आहे. ‘आल्यावर, येऊन, येताना’ ही रूपे कोणासाठीही बदलत नाहीत. सर्वनामांत ‘ते’ आणि ‘त्या’ वेगळे असले, तरी ‘त्यांनी, त्यांना, त्यांचे, त्यांच्याकडे’ ही रूपे सर्वांना समान आहेत. भूतकाळातली बहुतेक सकर्मक क्रियापदे तर कर्त्याकडे पाहतच नाहीत. ‘त्यांनी अहवाल पाठवला’ यात ‘पाठवला’ हे रूप अहवालामुळे आले आहे, पाठवणाऱ्यामुळे नाही. म्हणजे अडचण खरी आहे ती मुख्यतः भूतकाळातल्या अकर्मक क्रियापदांत (आले, गेल्या, रुजू झाले) आणि ‘मोकळा, नवा, चांगला’ अशा बदलणाऱ्या विशेषणांत. तेवढ्या जागा सांभाळल्या की बाकीची मेल नेहमीसारखीच लिहिता येते.

एक उदाहरण घेऊ. दौऱ्याच्या बिलांबद्दल सर्वांना जाणारी मेल अनेकदा अशी असते: ‘प्रिय महोदय, जो कर्मचारी दौऱ्यावर गेला असेल त्याने परत आल्यावर ७ दिवसांत बिले जमा करावीत. त्यावर त्याने आपल्या साहेबांची सही घ्यावी. पत्नीच्या प्रवासाचा खर्च मिळणार नाही.’

ही दुरुस्त करायला बसलेला माणूस पहिल्यांदा तिरप्या रेघा घालतो: ‘प्रिय महोदय/महोदया, जो/जी कर्मचारी दौऱ्यावर गेला/गेली असेल त्याने/तिने...’ दोन ओळींत वाचणाऱ्याचा दम निघतो. शिवाय रेघेच्या एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला स्त्री, म्हणजे या दोहोंत न बसणारी व्यक्ती बाहेरच राहिली. रेघ छापील अर्जात चालून जाते. वाक्यात ती चालत नाही.

दुसरा प्रयत्न सहसा कर्ताच काढून टाकण्याचा असतो: ‘दौरा पूर्ण झाल्यानंतर बिले जमा करण्यात यावीत, तसेच त्यावर वरिष्ठांची स्वाक्षरी घेण्यात यावी.’ लिंग गेले, पण माणूसही गेला. सही कोणी घ्यायची, दौऱ्यावर गेलेल्याने की लेखा विभागाने, हे आता कळत नाही. ‘करण्यात यावे’ एखाद्या वेळी खपते. तीनदा आले की मेलचे परिपत्रक होते आणि खुलासा विचारणारी उत्तरे येऊ लागतात. आपण कर्ता गमावला आहे याची तीच खूण.

चांगला मसुदा वाचणाऱ्याशी थेट बोलतो: ‘नमस्कार, दौऱ्यावरून परत आल्यावर ७ दिवसांत बिले जमा करा. त्यांवर तुमच्या वरिष्ठांची सही घ्या. जोडीदाराच्या प्रवासाचा खर्च मिळणार नाही.’ आज्ञार्थाला लिंग नसते, त्यामुळे ‘जो’ आणि ‘त्याने’ यांची गरजच उरली नाही. ‘साहेब’ गेले आणि ‘वरिष्ठ’ आले. ‘पत्नी’ हा शब्द व्याकरणाने निर्दोष होता. चूक गृहीतकात होती, आणि ती प्रत्यय बदलून सुटली नसती. आज्ञार्थ रोखठोक वाटत असेल तर ‘कृपया’ जोडावे किंवा ‘जमा कराल का’ असे विचारावे. तिसऱ्या व्यक्तीबद्दलच लिहायचे असेल तर ‘ज्यांनी दौरा केला आहे त्यांनी’ ही रचना उपयोगी पडते.

एकाच व्यक्तीबद्दलची मेल जास्त नाजूक असते. किरण हे नाव पुरुषाचे असते तसे स्त्रीचेही, आणि स्वागताची मेल लिहिणाऱ्याची किरण यांच्याशी भेट झालेली नसते. ‘रुजू झाले’ की ‘झाल्या’ असा अंदाज बांधण्याऐवजी ‘किरण सोमवारी रुजू होत आहेत’ किंवा ‘होतील’ लिहावे. सोमवार उलटून गेला असेल तर ‘किरण यांनी सोमवारपासून काम सुरू केले आहे’. ‘याआधी त्या विभागप्रमुख होत्या’ याचे ‘याआधी त्यांनी विभागप्रमुखपद सांभाळले’ होते. ‘बैठकीला आल्या नाहीत’ याचे ‘बैठकीला येता आले नाही’ होते, पण येणे खरोखरच जमले नसेल तरच; नाहीतर आपण न मागितलेली सबब देऊन बसतो. ‘नवा सहकारी’ऐवजी ‘नवीन सहकारी’ लिहिले की विशेषणाचा प्रश्न मिटतो. खुद्द किरण यांना लिहिताना ‘तुम्ही मोकळे आहात का’पेक्षा ‘तुम्हाला वेळ आहे का’ बरे, आणि बोलायलाही तेच सोपे.

सुरुवात आणि शेवट यांबाबत फार खल करण्याचे कारण नाही. ‘महोदय’ऐवजी ‘नमस्कार’, ‘मित्रांनो’ऐवजी ‘मंडळी’ किंवा ‘सर्वांना नमस्कार’. सौ. आणि कु. या उपाधी स्त्रीचे लग्न झाले की नाही हे सांगतात, श्री. पुरुषाबद्दल तसे काही सांगत नाही. त्यामुळे उपाधी गाळून पूर्ण नावापुढे ‘यांना’ लिहिणे बरे. शेवटी ‘आपला’ किंवा ‘आपली’ न लिहिता ‘धन्यवाद’ किंवा ‘कळावे’ पुरते. अनेकजण मिळून वापरतात त्या खात्यावरून उत्तर जात असेल तर ‘तपासून कळवतो’ऐवजी ‘तपासून कळवू’ लिहावे. रजेच्या स्वयंचलित उत्तरात ‘परत आलो की’च्या जागी ‘परत आल्यावर’ बसते.

ज्या सहकाऱ्याचे लिंग माहीत आहे आणि त्या व्यक्तीला ते चालते, तिथे ही कसरत करू नये. ‘ती आज रजेवर आहे’ यात काही गैर नाही. तिथेही वळसे घेतले तर आपण काहीतरी लपवतो आहोत असे वाटते. स्वतःला स्त्री किंवा पुरुष न मानणाऱ्या सहकाऱ्यांबाबत मात्र मराठीची मर्यादा उघडी पडते. ‘यांनी’, ‘त्यांना’ आणि भविष्यकाळ यांवर एक मेल निभावते, वर्षभराचा पत्रव्यवहार निभावत नाही. कुठेतरी ‘पोहोचले’ किंवा ‘पोहोचल्या’ लिहावेच लागते. तिथे कोणते रूप वापरायचे हे त्या व्यक्तीलाच एकदा खासगीत विचारावे, आणि तिने सांगितलेले रूप तिच्या संमतीने तिच्याबद्दल लिहिणाऱ्या इतरांनाही कळवावे.