वाक्यातला नकार कुठपर्यंत पोहोचतो?

समजा, सकाळच्या अंकात ठळक ओळ आहे: ‘उद्या शहराच्या सर्व भागांत पाणी येणार नाही’. सोलापुरात पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं. त्यामुळे ही ओळ वाचून माणूस लगेच पिंप भरायच्या मागे लागतो. पण ओळीचा अर्थ काय? कुठेच पाणी येणार नाही, की निदान काही भागांत येणार नाही, बाकीच्यांत येऊही शकेल? व्याकरणाला दोन्ही अर्थ मान्य आहेत.

वाक्यातला नकार किती शब्दांवर पसरतो, त्याला भाषाशास्त्रात नकाराची व्याप्ती म्हणतात. ‘नाही’ फक्त ‘येणार’ला लागलं तर सगळं शहर कोरडं. ते ‘सर्व’लाही लागलं तर एवढंच ठरतं की निदान एखाद्या भागात तरी पाणी येणार नाही. बोलताना ‘सर्व’वर जोर दिला की दुसरा अर्थ कळतो, छापील ओळीत तो जोर दिसत नाही.

ही ओळ लिहिणाऱ्याला संदिग्धता जाणवत नाही, याला कारण आहे. सगळं शहर कोरडं राहिलं तर दोन्ही अर्थ खरे ठरतात. साखर पेठेत नळ आला आणि जुळे सोलापुरात आला नाही, तरच ते वेगळे पडतात. म्हणून ओळ तपासताना मनात हीच अर्धवट स्थिती आणायची. कुठेच येणार नसेल तर ‘शहरात उद्या कोणत्याही भागात पाणी येणार नाही’ असं लिहावं. ‘कोणत्याही’ आलं की दुसरा अर्थ उरत नाही. काही भागांत येणार असेल तर सरळ भागांची नावं द्यावीत.

बातमीचा घोळ निदान संध्याकाळपर्यंत निस्तरतो. कारखान्याच्या भिंतीवरची सूचना मात्र वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि तिथे मराठीचा एक खास सापळा आहे: ‘ऊन’ लागलेलं क्रियापद आणि शेवटी नकार. ‘घरी जाऊन कुणाला सांगू नकोस’ यात घरी जायला मनाई नाही, फक्त सांगायला आहे. ‘दार लावून झोपू नकोस’ यात झोपायला मनाई नाही, दार लावण्याला आहे. रचना तीच, पण नकार एकदा शेवटच्या क्रियापदापाशी थांबतो आणि एकदा मागे जाऊन ‘लावून’ला धरतो. कुठे थांबायचं हे आपण व्यवहारज्ञानावर ठरवतो.

ते ज्ञान अपुरं पडतं तिथे काय होतं? सोलापुरी टॉवेलचं सूत किंवा कापड पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. त्याच्या पिंपाजवळ अशी सूचना रंगवली आहे असं धरू: ‘झाकण लावून पिंप उन्हात ठेवू नये’.

आता चार स्थिती मांडू. झाकण लावलेलं आणि पिंप सावलीत: दोन्ही अर्थांनी चालतं. झाकण लावलेलं आणि पिंप उन्हात: दोन्ही अर्थांनी मनाई. उरल्या उघड्या पिंपाच्या दोन स्थिती, उन्हातली आणि सावलीतली. नकार ‘लावून’पर्यंत पोहोचतो असं मानलं तर त्या दोन्ही चालतात, कारण मनाई फक्त झाकण लावून उन्हात ठेवण्याला आहे. ‘झाकण लावा, आणि उन्हात ठेवू नका’ असं वाचलं तर त्या दोन्ही चुकीच्या. म्हणजे झाकण लावलेलं असेपर्यंत कुणात मतभेद होत नाही. उघडं पिंप दिसलं की होतो.

इथे रसायनशास्त्र जाणणाराही अडेल. पेरॉक्साइडचं हळूहळू पाणी आणि ऑक्सिजन होत असतं, उष्णतेने ते वेगाने होतं. घट्ट बंद पिंपात वायूचा दाब वाढून ते फुटू शकतं, म्हणून पहिला अर्थ पटतो. पण उघड्या पिंपात धूळ किंवा गंजाचे कण पडले तरी हेच विघटन वेग घेतं, म्हणून दुसराही पटतो.

स्वल्पविराम दिल्याने काम भागत नाही; भिंतीवर रंगवताना तो गळतो, आणि राहिला तरी नकाराला अडवत नाही. ‘झाकण न लावता ठेवू नये’ असं करून पाहावं तर एकाऐवजी दोन नकार होतात. उपाय म्हणजे क्रियापदाला लागलेलं ‘ऊन’ काढून टाकायचं आणि प्रत्येक कृतीला स्वतःचं क्रियापद आणि पूर्णविराम द्यायचा, कारण नकार पूर्णविराम ओलांडत नाही. शिवाय जमेल तिथे मनाईऐवजी काय करायचं तेच सांगायचं:

‘पिंपाला वायू बाहेर सोडणारं झाकण लावावं. पिंप नेहमी सावलीत ठेवावं.’

आता चारपैकी एकच स्थिती चालते. झाकण कोणतं हेही इथे सांगावं लागलं; जुन्या वाक्यात ते लिहायचं राहून गेलं होतं.

नवी सूचना रंगवण्याआधी दोन कामगारांना ती वेगवेगळी वाचायला द्यावी. ‘कळलं का?’ असं विचारलं तर दोघंही हो म्हणतील. त्याऐवजी ‘पिंप सावलीत आहे, पण उघडं आहे, चालेल का?’ असं विचारावं. एकाचं उत्तर ‘चालेल’ आणि दुसऱ्याचं ‘चालणार नाही’ आलं, तर वाक्य पुन्हा लिहावं.