साडेसाती म्हणा नाहीतर लाडावलाय म्हणा: पोराच्या चंचलपणाला घरचे नावं ठेवतात त्यामागची गोष्ट

सोलापुरात शाळांमधून समुपदेशनाचं काम करताना एक सीन इतक्या वेळा बघितलाय की आता पाठ झालाय. चौथी-पाचवीतलं पोरगं, जागेवर बसत नाही, वही अर्धवट, भांडणं. आज्जी म्हणते नजर लागलीय नाहीतर साडेसाती आहे, बाप म्हणतो आईनं लाडावून ठेवलाय, दोन ठेवून दिल्या की सरळ होतंय. आई गप्प, कारण दोन्हीकडून बोट तिच्याकडेच. आणि 'एडीएचडी', म्हणजे लक्ष टिकवता न येण्याचा आणि स्वतःला आवर न घालता येण्याचा त्रास, हा शब्द आपण काढला रे काढला की तिघंही एक होतात, आमचं पोरगं येडं नाही म्हणून.

आता ही माणसं अडाणी आहेत असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण डॉक्टर लोकांचा स्वतःचा इतिहास बघितला तर ते या बापापेक्षा फार पुढं होते असं काही नाही. 1902 साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञानं अशाच मुलांवर व्याख्यानं दिली, बुद्धी चांगली पण स्वतःला आवर घालता येत नाही अशी मुलं, आणि त्यानं त्याला म्हटलं काय तर नैतिक नियंत्रणातला दोष. पण एक गोष्ट त्यानं नीट टिपली होती, ती म्हणजे शिक्षा करूनही या मुलांत फरक पडत नाही, काही वेळातच तीच चूक परत. मग 1937 मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली मुलांची डोकेदुखी कमी व्हावी म्हणून बेन्झेड्रिन नावाचं उत्तेजक औषध देऊन बघत होता, डोकेदुखीचं काही विशेष झालं नाही पण बरीच मुलं अचानक शांतपणे गणितं करायला लागली. शिस्त तीच, घर तेच, फक्त गोळी, आणि वागणं बदललं. तरी लक्ष न लागणं हा त्रासाचा मुख्य भाग आहे हे अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या अधिकृत यादीत यायला 1980 उजाडलं.

आपल्याकडचा नशिबाचा धागा तर त्याहून जुना. पाचवी पुजायची, सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, मग जे लिहिलंय ते कोण पुसणार. यात एक सोय पण आहे बरं का, सटवाईनं लिहिलं म्हटलं की आईचा दोष राहत नाही. म्हणूनच आज्जीची समजूत मला बापाच्या समजुतीपेक्षा कमी धोक्याची वाटते, निदान ती पोराला मारत तरी नाही.

पण या दोन्ही समजुती का टिकतात, तर रोजच्या अनुभवात त्या खऱ्या ठरल्यासारख्या दिसतात म्हणून. एक तर हे पोरगं मोबाईलवर दोन तास हलत नाही. मग बाप म्हणणारच, मनात आलं की बसतंय की बे. खरं म्हणजे लक्ष नसतंच असं नाही, ते कंटाळवाण्या कामाला आपणहून लावून धरता येत नाही. मोबाईल सेकंदासेकंदाला बक्षीस देतो, पाढे देत नाहीत. दुसरं, मारलं की पोरगं त्या क्षणी थांबतं, म्हणजे मारणाऱ्याला लगेच गुण आल्यासारखं वाटतं, म्हणून तो पुढच्या वेळी लवकर मारतो आणि जोरात मारतो. पोरगं पण शिकतं, की आवाज चढेपर्यंत ऐकायची गरज नाही. जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत कित्येक घरांत जाऊन हे चक्र बारकाईनं नोंदवलं आणि आजचं पालक-प्रशिक्षण बरंचसं त्यावर उभं आहे. आणि तिसरं, अंगारा. माणूस देवऋषीकडे जातो कधी, तर सगळ्यात वाईट आठवड्यानंतर. वाईट आठवड्यानंतरचा आठवडा तसाही बरा जातोच, पण श्रेय अंगाऱ्याला.

मग अशा घराशी बोलायचं कसं, याचंही उत्तर एका जुन्या लेखात आहे. 1978 मध्ये आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांना सांगितलं की आधी पेशंटला विचारा, तुमच्या मते हे कशानं झालं, तेव्हाच का सुरू झालं, तुम्हाला कशाची जास्त भीती वाटते. आपलं कारण नंतर सांगा.

पूर्वभागातल्या एका घराचं उदाहरण घ्या, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. आई विड्या वळते, बाप टॉवेलच्या लूमवर. मी विचारलं, कधीपासून? आज्जी म्हणाली, "गड्ड्याच्या जत्रेत हात सोडून पळालं, हरवलं, तवापासनं भ्यालंय, बाहेरचं लागलंय." मी म्हटलं, आज्जी, त्याच्या आधी बालवाडीत कसा होता? आई पहिल्यांदा बोलली, बालवाडीच्या बाई रोज तक्रार करायच्या. म्हणजे जत्रेनं त्रास सुरू झाला नव्हता, त्रास होता म्हणून हात सुटला होता, पण हे मी बोलले नाही, त्यांचं त्यांना दिसू दिलं. मग भीती कशाची विचारलं तर आज्जी म्हणाली, "ह्याचा चुलता बी असाच हुता, शाळा सुटली, दारूला लागला." एवढ्या एका वाक्यात सगळं आलं. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की या त्रासात अनुवंशाचा वाटा फार मोठा असतो. मी म्हटलं, आज्जी तुम्ही बरोबर बघितलंय, घराण्यातून येतंय हे, फक्त चुलत्याच्या वेळी कुणी उपाय केला नाही. बाप तेव्हा खाली बघत होता, चुलता म्हणजे त्याचा सख्खा भाऊ.

निदान मात्र असं गप्पांतून होत नाही. आधी कान आणि डोळे तपासायचे, झोप विचारायची, मध्येच टक लावून काही सेकंद हरवतो का हे बघायचं कारण ती फिट असू शकते. मग लक्षणं सहा महिन्यांहून जास्त, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली आणि घर-शाळा दोन्हीकडे दिसतात का. फक्त एकाच सरांच्या तासाला होत असेल तर गडबड दुसरीकडे आहे.

अंगारा बंद करा असं मी सांगत नाही. लावा, पण मार, चटका, उपाशी ठेवणं, कोंडणं नाही, तिथं तडजोड नाही. शाळेतल्या माराला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे, आणि अघोरी उपाय करणाऱ्या बुवाबाबांवर महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो. कायद्याची भाषा मी घरात पहिल्या भेटीत वापरत नाही, दार बंद होतं.

आईला अभ्यास कसा घ्यायचा ते समजावताना विडीच कामाला आली. हजार विड्या एकदम कुणी बघत नाही, पंचवीसचा कट्टा बांधत जायचं. तसं पाच गणितं, उठून पाणी, परत पाच. सूचना एका वेळी एकच, लांबून ओरडून नाही, जवळ जाऊन. केलं की त्याच मिनिटाला शाबासकी, संध्याकाळी बापाला सांगू वगैरे नाही, तोपर्यंत त्याचा काही उपयोग उरत नाही. आणि रोज वहीत खूण, किती वेळा पहिल्याच सांगण्यात उठला. वही यासाठी की वाईट दिवसानंतर चांगला दिवस आपोआप येतो हे घरच्यांनी स्वतः बघावं, अंगाऱ्याचंही आणि माझ्या उपायाचंही श्रेय तपासता यावं. सुरुवातीला हट्ट थोडा वाढतो हे आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर चौथ्या दिवशी बाप म्हणतो बघा, लाडानं बिघडलं.

याला मर्यादा आहेत. घरातले कट्टे वर्गात चालत नाहीत, साठ पोरांच्या वर्गात बाई दर पाच गणितांना याच्याकडे कशा येणार, आणि त्रास जास्त असेल तर घरची पद्धत एकटी पुरत नाही, गोळीसाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावंच लागतं. या घरात वहीतल्या खुणा वाढल्या पण शाळेतली तक्रार तशीच राहिली. तीच वही घेऊन बाप सिव्हिलला गेला, आणि डॉक्टरांनी कारण विचारल्यावर यानंच चुलत्याचं सांगितलं.