काळ्या पतंगाचे गणित: नैसर्गिक निवडीच्या एका उदाहरणाची पार्श्वभूमी

उत्क्रांतीच्या धड्यात पतंगांची दोन चित्रे हमखास असतात: दगडफुलाने माखलेल्या खोडावर न दिसणारा ठिपकेदार फिकट पतंग आणि काजळीने काळवंडलेल्या खोडावर न दिसणारा त्याच जातीचा काळा पतंग. चित्रांवरून कारण समजते, पण बदलाचा वेग समजत नाही. या उदाहरणाला विज्ञानात जे वजन आले, ते मात्र वेगाच्या हिशेबामुळेच.

इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १८४८ मध्ये ‘पेपर्ड मॉथ’ नावाच्या या जातीच्या काळ्या पतंगाची नोंद झाली. कापडगिरण्यांच्या धुराने परिसरातील झाडे काळी पडत गेली आणि १८९५ पर्यंत तेथील सुमारे ९८ टक्के पतंग काळे झाले होते. फिकट पतंग काळ्या खोडावर पक्ष्यांच्या नजरेत भरतात, हे स्पष्टीकरण कीटकशास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. टट यांनी १८९६ मध्ये मांडले, परंतु त्यात आकडे नव्हते. आकडे मांडण्याचे काम १९२४ मध्ये जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी केले. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) या पतंगाची वर्षाला एकच पिढी होते, त्यामुळे वर्षे मोजली की पिढ्या मोजल्या जातात. आरंभी काळे पतंग शंभरात एक धरले, तर पन्नासेक पिढ्यांत ते ९९ टक्क्यांवर जाण्यासाठी फिकटांच्या तुलनेत त्यांचे टिकून राहण्याचे प्रमाण निदान दीडपट असावे लागते, असा हाल्डेन यांचा निष्कर्ष होता.

हा हिशेब आपणही करून पाहू शकतो. समजा, १०,००० पतंगांपैकी १०० काळे आहेत. प्रजननाच्या वयापर्यंत काळ्यांतील ६० टक्के आणि फिकटांतील ४० टक्के जगतात, म्हणजे ६० काळे आणि ३,९६० फिकट उरतात. काळा रंग प्रभावी असल्याने आई किंवा वडील यांपैकी एकाकडून त्याचे जनुक आले तरी पतंग काळाच होतो. उरलेल्यांची सरमिसळ होऊन पुन्हा १०,००० पतंग जन्मले, तर त्यांत सुमारे १४९ काळे असतील. त्याच्या पुढच्या पिढीत ते २२१ होतात, मग ३२७, मग ४८१. सहाव्या पिढीत त्यांनी हजारी गाठलेली असते आणि बाराव्या पिढीत ते निम्म्याहून किंचित जास्त असतात. येथे कोणताही पतंग स्वतः रंग बदलत नाही, बदलते ते केवळ कोणाची संतती किती उरली याचे प्रमाण.

यानंतर वेग मंदावतो, आणि माझ्या मते या गणिताचा सर्वांत बोधक भाग हाच आहे. तिसाव्या पिढीत शंभरात तीनच पतंग फिकट दिसतात, पण आणखी सुमारे २९ पतंग काळे दिसूनही फिकट रंगाचे एकेक जनुक बाळगून असतात. पक्षी रंग पाहतो, जनुक पाहत नाही. म्हणून काळ्या रंगाआड दडलेले फिकट जनुक निवडीच्या तडाख्यातून सुटते आणि ९७ वरून ९९ टक्क्यांपर्यंत जायला आणखी पंधरावीस पिढ्या लागतात.

दीडपट हा फरक त्या काळातील अनेकांना अवास्तव वाटला, कारण नैसर्गिक निवड अतिशय संथ असते असाच समज होता. १९५३ मध्ये ब्रिटिश संशोधक बर्नार्ड केटलवेल यांनी बर्मिंगहॅमजवळच्या प्रदूषित रानात खुणा केलेले पतंग सोडून पुन्हा पकडले. ४४७ काळ्यांपैकी १२३ परत सापडले, तर १३७ फिकटांपैकी १८. म्हणजे २७.५ टक्के विरुद्ध सुमारे १३ टक्के, दुपटीचा फरक. डॉर्सेटच्या स्वच्छ रानात १९५५ मध्ये कल उलटा निघाला.

या प्रयोगांवरील आक्षेपही रास्त होते. पतंग दिवसा खोडांवर सोडले गेले होते आणि त्यांची दाटीही नेहमीपेक्षा अधिक होती, त्यामुळे पक्ष्यांचे काम सोपे झाले असण्याची शक्यता होती. जनुकशास्त्रज्ञ मायकेल मेजरस यांनी २००१ पासून सहा वर्षे केंब्रिजमध्ये ४,८०० हून अधिक पतंगांवर नवा प्रयोग केला, त्यात हे दोष टाळले आणि पतंग प्रत्यक्षात कोठे बसतात हेही पाहिले. तोवर ब्रिटनमधील १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर झाडे पुन्हा उजळली होती आणि काळ्यांचे प्रमाण घसरत होते. मेजरस यांच्या मृत्यूनंतर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पक्षी काळ्यांना अधिक टिपत होते आणि दर दिवसाला काळ्यांचे जगण्याचे प्रमाण फिकटांपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी कमी भरत होते. उलट्या प्रवासात मात्र काळ्या जनुकाला दडायला जागा नव्हती, कारण ते एकटे असले तरी रंगातून उघडे पडते.