लुक्स एत् वेरितास (बोधवाक्य)

लुक्स एत् वेरितास हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचं लॅटिन बोधवाक्य, शब्दशः अर्थ 'प्रकाश आणि सत्य'. इंडियाना युनिव्हर्सिटीसकट इतरही काही संस्थांच्या चिन्हावर हेच शब्द आहेत, पण जास्त अभ्यास झालाय तो येलच्या मुद्रेचा.

व्याकरण सोपं आहे. लुक्स म्हणजे प्रकाश, एत् म्हणजे आणि, वेरितास म्हणजे सत्य किंवा खरेपणा (वेरुस म्हणजे खरा, त्याचं भाववाचक नाम). दोन्ही नामं प्रथमेत आहेत आणि क्रियापद नाहीच, म्हणून 'प्रकाश आणि सत्य मिळो' किंवा 'प्रकाशाकडून सत्याकडे' असे जे अर्थ सांगतात ते शब्दशः नाहीत, ती वाचणाऱ्याने घातलेली भर आहे. बायबलच्या 43व्या स्तोत्रात (व्हल्गेट या जुन्या लॅटिन भाषांतरात ते 42वं) 'एमित्ते लुचेम तुआम एत् वेरितातेम तुआम' असं येतं, म्हणजे 'तुझा प्रकाश आणि तुझं सत्य पाठव'. तिथे तेच शब्द द्वितीयेत आहेत कारण पाठव या क्रियापदाचं ते कर्म आहेत. म्हणून बरेच जण बोधवाक्याचं मूळ या स्तोत्रात बघतात.

पण येलच्या मुद्रेवर लॅटिनच्या जोडीला हिब्रू पण आहे, उघड्या पुस्तकावर 'उरीम व थुम्मीम', आणि खरा वाद इथून सुरू होतो. उरीम आणि थुम्मीम म्हणजे ज्यू महायाजकाच्या छातीवरच्या पदकात ठेवायच्या वस्तू, त्यांच्या आधारे देवाचा कौल घेत (निर्गम 28:30, लेवीय 8:8). उरीमचा संबंध पारंपरिकपणे 'ओर' म्हणजे प्रकाश या शब्दाशी लावतात, काही अभ्यासक मात्र तो शाप या अर्थाच्या धातूशी जोडतात. थुम्मीम येतो पूर्णत्व, निर्दोषपणा या अर्थाच्या शब्दावरून. म्हणजे हिब्रूची शब्दशः जोडी 'प्रकाश आणि पूर्णत्व' होते, सत्य त्यात थेट नाहीच! ते आलं भाषांतरांतून: सेप्टुआजिंट या जुन्या ग्रीक भाषांतरात थुम्मीमसाठी 'अलेथेइया' म्हणजे सत्य आहे आणि व्हल्गेटने तीच वाट धरून जोडीसाठी 'दोक्त्रिना एत् वेरितास' म्हणजे शिकवण आणि सत्य असं लिहिलं. येलवाल्यांनी शिकवणीच्या जागी प्रकाश घेतला म्हणजे पहिला शब्द हिब्रूच्या जवळचा आणि दुसरा ग्रीक-लॅटिन परंपरेतला, असं मिश्रण झालं. ते बघता लॅटिन ओळ हा स्तोत्रातला तुकडा नसून हिब्रू जोडीचंच भाषांतर आहे हे मत जास्त पटण्यासारखं आहे, स्तोत्राचा प्रभाव फार तर शब्द निवडताना पडला असेल.

काळाबद्दल जरा जपून बोलावं लागतं. कॉलेजची स्थापना 1701 ची, मुद्रेचा विषय विश्वस्तांपुढे 1720 च्या दशकात आला असं मानतात, आणि मुद्रेचा टिकून राहिलेला सगळ्यात जुना ठसा 1749 च्या पदवीपत्रावर आहे, एझ्रा स्टाइल्स यांच्या. स्टाइल्स पुढे 1778 मध्ये येलचे अध्यक्ष झाले आणि हिब्रूचे मोठे पुरस्कर्ते होते, त्यामुळे हिब्रू अक्षरांचं श्रेय कधीकधी त्यांना देतात. पण ठसा त्यांच्या स्वतःच्या पदवीवरच आहे म्हटल्यावर मुद्रा त्याआधी तयार होती हे उघड आहे.

दुसरी लोकप्रिय समजूत अशी की हार्वर्डच्या 'वेरितास'ला येलने 'प्रकाश' जोडून वरचढ उत्तर दिलं. हार्वर्डने तो शब्द 1643 मध्ये ठरवला हे खरं, पण तो कागदपत्रांतच पडून राहिला, तिथल्या मुद्रांवर ख्रिस्त आणि चर्चच्या गौरवाच्या ओळी आल्या आणि वेरितास पुन्हा उजेडात आला 1830 च्या दशकात. त्यामुळे येलने 18व्या शतकात त्याला उत्तर दिलं हे मानणं अवघड आहे.

क्रियापद गाळण्याची पद्धत इतरत्रही दिसते. ऑक्सफर्डचं 'दोमिनुस इल्लुमिनातिओ मेआ' (परमेश्वर माझा प्रकाश) 27व्या स्तोत्राची सुरुवात आहे, 'आहे' हे समजून घ्यायचं. केंब्रिजच्या 'हिंक लुचेम एत् पोकुला साक्रा'मध्ये लुचेम द्वितीयेत आहे, म्हणून 'इथून प्रकाश आणि पवित्र पेयं' याच्या पुढे 'आम्हाला मिळतात' असं काहीतरी क्रियापद गृहीत धरावंच लागतं. प्रत्यय बघितला की बोधवाक्य कुठल्या वाक्यातून कापलंय याचा अंदाज येतो.

मुंबईतलं उदाहरण सेंट झेवियर्स कॉलेजचं (स्थापना 1869), 'प्रोवोकान्स आद वोलान्दुम'. अनेक जण याचा अर्थ 'उंच भरारी घ्या' असा आज्ञार्थी सांगतात, पण यात आज्ञार्थ नाही. प्रोवोकान्स हे वर्तमानकाळी धातुसाधित आहे, 'उद्युक्त करणारा/करणारी', आणि आद वोलान्दुम म्हणजे 'उडायला'. मूळ ओळ बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातल्या 32:11 मधली, 'जशी गरुडी आपल्या पिल्लांना उडायला उद्युक्त करते' अशी, त्यातली गरुडी आणि पिल्लं दोन्ही बोधवाक्यात गाळली गेली. म्हणजे उडायचं आहे पिल्लांनी, वाक्यात जे वर्णन आहे ते मात्र त्यांना घरट्याबाहेर काढणाऱ्या आईचं.