ड्युओटोन : विजोड स्टॉक छायाचित्रांची दोन रंगांत मांडणी

छायाचित्रातले मूळ रंग काढून टाकून त्यातला फक्त उजेड-अंधार दोन ठरावीक रंगांत पुन्हा उभा करण्याची रीत. सर्वांत गडद भागाला एक रंग मिळतो, सर्वांत उजळ भागाला दुसरा, आणि मधल्या सगळ्या छटा या दोहोंच्या मिश्रणातून तयार होतात. वेगवेगळ्या छायाचित्रकारांनी, वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी आणि वेगवेगळ्या उजेडात टिपलेली, संग्रहातून तयार मिळणारी स्टॉक छायाचित्रे एकाच संकेतस्थळावर, अहवालात किंवा पोस्टर-मालिकेत वापरायची असतात, तेव्हा ती एका घरातली दिसावीत म्हणून आज ही रीत सर्रास वापरली जाते.

छपाईत ती जुनी आहे. कृष्णधवल छायाचित्र एकट्या काळ्या शाईत छापले, तर मधल्या करड्या छटांमधले बारकावे हरवतात. म्हणून त्याच चित्राची दुसरी प्लेट तपकिरी, निळ्या किंवा राखाडी शाईसाठी काढत. दोन्ही प्लेटांवरच्या ठिपक्यांच्या जाळ्यांमध्ये साधारण ३० अंशांचे अंतर ठेवावे लागे, नाहीतर कागदावर लाटांसारखी नक्षी उमटे. पडद्यावरच्या ड्युओटोनमध्ये ना शाई असते ना जाळी. तिथे प्रत्येक बिंदूच्या उजळपणानुसार त्याचा नवा रंग ठरतो. २०१५ मध्ये स्पॉटिफायने कॉलिन्स या डिझाइन संस्थेकडून आपले दृश्यरूप बदलून घेतले, त्यात कलाकारांची छायाचित्रे भडक दोन रंगांत मांडली होती. त्यानंतर ही शैली वेबवर झपाट्याने पसरली. वर्डप्रेसच्या ५.८ या आवृत्तीपासून (जुलै २०२१) ड्युओटोनची सोय थेट संपादकातच मिळते.

नुसता रंगाचा थर का पुरत नाही

बहुतेक जण सुरुवात छायाचित्रावर अर्धपारदर्शक रंगाचा थर टाकून करतात. समजा गडद निळ्याचा, म्हणजे `#1B1F4B` या रंगसंकेताचा, ६० टक्के थर टाकला. मूळ चित्राचा ४० टक्के भाग त्यातून दिसत राहतो. एक छायाचित्र पिवळट आणि दुसरे हिरवट असेल, तर त्यांच्यातला तो फरक कमी होतो, पण मिटत नाही. शिवाय चित्राचा जोम जातो. लाल वाहिनीपुरते, म्हणजे प्रत्येक बिंदूतल्या लालच्या आकड्यापुरते, पाहिले, तर ० ते २५५ एवढा पल्ला आकसून साधारण १६ ते ११८ एवढाच उरतो; कुठेही खरा उजेड राहत नाही, आणि चित्र धुरकट काचेतून पाहिल्यासारखे वाटते.

ग्रेडियंट मॅपने, म्हणजे गडद ते उजळ अशा रंगपट्टीवर चित्र बसवण्याच्या रितीने, मात्र मूळ रंगाचा प्रश्नच संपतो. आधी चित्र करड्या छटांत जाते, मग प्रत्येक छटेला पट्टीवरचा रंग मिळतो. पिवळा बल्ब, निळसर खिडकी आणि हिरवट ट्यूबलाइट यांतला भेद पहिल्याच पायरीला नाहीसा होतो. डिझाइनच्या कामात या दोन रिती ड्युओटोन या एकाच नावाने ओळखल्या जातात, आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

वेबपानावर हेच काम एसव्हीजी फिल्टरने असे होते :

```
<filter id="duo" color-interpolation-filters="sRGB">
  <feColorMatrix values=".2126 .7152 .0722 0 0
    .2126 .7152 .0722 0 0
    .2126 .7152 .0722 0 0
    0 0 0 1 0"/>
  <feComponentTransfer>
    <feFuncR type="table" tableValues="0.106 1"/>
    <feFuncG type="table" tableValues="0.122 0.890"/>
    <feFuncB type="table" tableValues="0.294 0.690"/>
  </feComponentTransfer>
</filter>
```

पहिला भाग चित्र करडे करतो. हिरव्याला सर्वाधिक वजन आहे, कारण डोळ्याला उजळपणा मुख्यतः हिरव्यातून जाणवतो. दुसऱ्या भागात प्रत्येक ओळीतला पहिला आकडा गडद टोकाचा आणि दुसरा उजळ टोकाचा. `color-interpolation-filters="sRGB"` हे लिहायचे राहिले, तर ब्राउझर वेगळ्या रंगगणितात हिशोब करतो आणि ठरवलेले रंग फिकट पडतात. फोटोशॉपमधले चित्र आणि वेबवरचे चित्र जुळत नसेल, तर आधी हे तपासावे.

एका वाचनालयाचे उदाहरण

समजा एका सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळासाठी चार स्टॉक छायाचित्रे निवडली आहेत : बल्बच्या पिवळ्या उजेडातली पुस्तकांची कपाटे, खिडकीशी वाचत बसलेली मुलगी, भर दुपारच्या उन्हातली इमारत आणि ट्यूबलाइटखालची संगणकांची खोली. गडद रंग तोच निळा, `#1B1F4B`. उजळ रंग साय-पिवळा, `#FFE3B0`.

चारही चित्रांना मॅप लावला की पहिल्या नजरेला निराशा होते. कपाटांचे चित्र जवळजवळ पूर्ण निळे दिसते, इमारतीचे जवळजवळ पूर्ण पिवळे. रंग तेच दोन असूनही ही चित्रे एका मालिकेतली वाटत नाहीत. कारण हिस्टोग्राममध्ये, म्हणजे चित्रातल्या उजळपणाच्या आलेखात, सापडते. ० ते २५५ या मापात कपाटांच्या चित्राचा सरासरी उजळपणा समजा ६८ आहे आणि इमारतीचा १७६. ड्युओटोनमध्ये उजळपणाच रंग होतो, त्यामुळे जो फरक आधी नुसता उजेडाचा होता तो आता रंगाचा फरक म्हणून डोळ्यांत भरतो.

म्हणून खरे काम मॅप लावण्याआधीचे आहे. चित्र करडे करून फोटोशॉपमधल्या लेव्हल्स या साधनाने उजळपणाची दोन्ही टोके ताणावीत, म्हणजे प्रत्येक चित्रात थोडा खरा काळा आणि थोडा खरा पांढरा असेल. मग कर्व्ह या उजळपणाच्या वक्ररेषेचा मधला बिंदू वर-खाली करून सरासरी एका पट्ट्यात आणावी. माझ्या मते ११० ते १३५ हा पट्टा बहुतेक संचांना मानवतो. कपाटांचा मध्य बराच उचलावा लागेल, आणि तसे करताना सावलीतला कणीदारपणा वर येईल. इमारतीचा मध्य खाली आणल्यावर पांढरे पडलेले आकाश मात्र परत मिळणार नाही. तिथे चौकट कापून आकाश कमी करणे हाच उपाय. एखादे चित्र ओढूनताणूनही पट्ट्यात येत नसेल, तर ते बदलावे. स्टॉकमध्ये पर्याय असतात.

जुळले की नाही हे पाहायला चारही चित्रे एका पानावर अंगठ्याएवढी करून ठेवावीत आणि त्यांवर भरपूर ब्लर लावावा. चार डाग साधारण एकाच रंगाचे दिसले, तर संच जमला. एक डाग निळा आणि बाकीचे पिवळट दिसले, तर कर्व्हकडे परत जावे लागेल.

आता खिडकीशी बसलेली मुलगी. तिचा गाल आणि हात मधल्या छटांत येतात, आणि आपल्या दोन रंगांचा बरोबर मध्य काढला तर `#8D817E` येतो : राखेसारखा करडा. निळा आणि पिवळा रंगचक्रावर एकमेकांच्या समोरचे रंग असल्याने मधल्या वाटेवर ते एकमेकांना मारतात. कपाटे-भिंतींना हे चालून जाते. चेहरा मात्र आजारी दिसतो. उपाय म्हणून पट्टीच्या मध्यावर तिसरा रंग ठेवतात, उदाहरणार्थ `#B3616E` हा मातकट गुलाबी. वरच्या फिल्टरमध्ये त्यासाठी प्रत्येक ओळीत मधोमध एक आकडा वाढतो : लालसाठी 0.702, हिरव्यासाठी 0.380, निळ्यासाठी 0.431. काटेकोर पाहिले तर हे तीन रंग झाले, पण डोळ्याला चित्र दोन रंगांचेच वाटते. एक पथ्य मात्र सोडू नये : मधला रंग गडद टोकापेक्षा उजळ आणि उजळ टोकापेक्षा गडदच असावा. हा क्रम मोडला, तर गालावर सावलीच्या जागी उजेड येतो आणि चेहरा निगेटिव्हसारखा उलटा भासतो.

सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या माणसांची छायाचित्रे इथे सर्वाधिक बिघडतात. गडद टोक फार काळपट असेल, तर डोळे, केस आणि गाल एकाच निळ्या डागात बुडतात. फोटोशॉपच्या ब्लॅक अँड व्हाइट लेयरमध्ये, म्हणजे चित्र करडे करतानाच, लाल आणि पिवळ्याची सरकपट्टी वाढवली की त्वचा उजळते, पण तीच सरकपट्टी बेताल ओढली की माणूस गोरा होऊन बसतो. हे मला चुकीचे वाटते, केवळ तंत्र म्हणून नव्हे. सरकपट्टी इतकीच हलवावी की नाकाची कड आणि डोळ्यांची बुबुळे वेगळी दिसतील, आणि शेजारी मूळ छायाचित्र उघडे ठेवावे.

चित्रावर अक्षरे

ड्युओटोनवर मथळा चढवण्याची पद्धत आहे, आणि बरेच जण रंग ठरवताना दोन टोकांचाच विचार करतात. आपल्या निळ्या आणि साय-पिवळ्यात उजळपणाचा सुमारे १२.५ : १ एवढा फरक आहे, म्हणजे भरपूर. पण अक्षरे बहुधा मधल्या छटांवर पडतात. `#8D817E` वर पांढरी अक्षरे ठेवली, तर फरक साधारण ३.८ : १ भरतो, आणि निळी ठेवली तर ४.१ : १. साध्या मजकुरासाठी वेब सुलभतेच्या निकषांत ४.५ : १ लागतो, त्यामुळे दोन्ही नापास, मोठ्या मथळ्यांसाठी ३ : १ पुरतो, तिथे दोन्ही चालतात. देवनागरीत मात्र मात्रा, रफार आणि जोडाक्षरांच्या बारीक रेषा आधी हरवतात, म्हणून मी मथळ्यालाही ४.५ च धरावा असे म्हणेन. त्यासाठी अक्षरांखालचा कोपरा मॅपच्या आधी, करड्या चित्रातच, गडद करावा. मॅपनंतर काळी छटा टाकली, तर तिसराच मळकट रंग तयार होतो आणि मालिका मोडते.

मर्यादा

ड्युओटोन फक्त रंग जुळवतो. उजेड कोणत्या बाजूने येतो, चेहरा चौकटीत केवढा आहे, लेन्स रुंद आहे की लांब, माणसे कॅमेऱ्याकडे पाहून हसतात की कामात आहेत, हे सारे तसेच राहते. चारपैकी एका चित्रात चेहरा चौकटभर आणि उरलेल्यांत माणसे बोटाएवढी असतील, तर कोणताही रंग त्यांना जोडणार नाही. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची तीक्ष्णता मात्र थोडी झाकता येते : मॅपनंतर सगळ्या चित्रांवर सारखाच बारीक दाणा टाकावा. मोकळ्या आकाशात रंगाचे पट्टे पडतात, तेही या दाण्याने विरतात.

काही ठिकाणी ही रीत वापरूच नये. खाद्यपदार्थ, कापड आणि दागिने यांत रंग हीच माहिती असते. निळ्या रंगातल्या आमटीला कोणी हात लावणार नाही. बातमीतले किंवा दस्तऐवज म्हणून ठेवलेले छायाचित्रही मूळ रूपातच द्यावे.

परवान्याकडेही पाहावे लागते. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय, म्हणजे श्रेय देण्याच्या अटीच्या, परवान्यात बदल करता येतो, पण छायाचित्रकाराच्या नावासोबत बदल केल्याचेही नोंदवावे लागते. एनडी, म्हणजे बदलास मनाई, ही अक्षरे असलेल्या परवान्यात बदललेली प्रत इतरांना देता येत नाही, आणि ड्युओटोन केलेले चित्र बदललेली प्रत ठरू शकते. असे चित्र संचात घेऊच नये.